कडेच्या बेरजा

माझी भाची सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम करते. गेल्या महिन्यात तिने एका जुन्या पुस्तकातल्या तक्त्याचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ग्रंथालयात पुस्तक घरी न्यायला देत नाहीत, म्हणून तिने उभ्या-उभ्याच मोबाइलमध्ये पान टिपलं होतं. पान मधे फुगलेलं, एका बाजूला दिव्याची चकाकी आणि नेमक्या एका आकड्यावर अंगठ्याची सावली. खाली तिचा प्रश्न होता : "मामा, हे साठ आहेत की सहासष्ट? आणि यावर काय-स्क्वेअर टेस्ट लावायची म्हणजे नेमकं काय करायचं?"

हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात. प्रत्यक्षात पहिल्याचं उत्तर शोधता-शोधताच दुसऱ्याचं अर्धं उत्तर हाती येतं, म्हणून त्या फोटोबद्दल सविस्तर लिहितो आहे.

तक्ता कॉलऱ्याच्या लसीचा होता. वाल्देमार हाफकिन यांनी पॅरिसमध्ये १८९२ साली कॉलऱ्यावरची लस तयार केली, आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते ती घेऊन हिंदुस्थानात आले. (मुंबईला ते नंतर, प्लेगच्या वेळी आले. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.) कॉलऱ्याची लस खरंच उपयोगी पडते का, हा वाद पुढे बरीच वर्षं चालू राहिला. १९१५ साली मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी विषमज्वर आणि कॉलरा या दोन्ही लसींचे उपलब्ध आकडे एकत्र करून तपासले. 'मेजर' हा ग्रीनवुड यांचा लष्करी हुद्दा नव्हे, ते त्यांचं नावच होतं. त्यांच्या लेखातला कॉलऱ्याचा एक तक्ता पुढे संख्याशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत गेला. भाचीच्या फोटोत तोच होता :

| | कॉलरा झाला | झाला नाही | एकूण |
|---|---|---|---|
| लस टोचलेले | ३ | २७६ | २७९ |
| न टोचलेले | ६६ | ४७३ | ५३९ |
| एकूण | ६९ | ७४९ | ८१८ |

इथे मी आकडे स्वच्छ करून दिले आहेत. फोटोत दुसऱ्या ओळीतला पहिला आकडा फक्त '६' आणि त्यापुढे काळा डाग, एवढाच दिसत होता.

डागाखाली काय आहे ते ओळखायला डोळे ताणावे लागत नाहीत. न टोचलेले एकूण ५३९, त्यांतले ४७३ जण आजारी पडले नाहीत, म्हणजे उरले ६६. वरून खाली येऊन पडताळा घ्यायचा तर आजारी पडलेले एकूण ६९, त्यांतले ३ टोचलेले, पुन्हा उरले ६६. दोन वाटांनी तोच आकडा आला म्हणजे बाकीचे आकडेही आपण बरोबर वाचले आहेत असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. फोटोवरून तक्ता उतरवताना पहिलं काम हेच. प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज करायची आणि ती कडेला छापलेल्या बेरजेशी जुळते का ते पाहायचं. ३ चे ८, १ चे ७, शेजारच्या ओळीतला आकडा चुकून वर चढलेला, अशा बहुतेक चुका इथेच सापडतात.

आता अंगठा मोठा होता असं समजू. मधल्या चार चौकटींपैकी तीन झाकल्या गेल्या आणि फक्त डावीकडचा वरचा ३ दिसतो. कडेच्या बेरजा मात्र शाबूत आहेत. तरीही काही बिघडत नाही. २७९ मधून ३ गेले की २७६, ६९ मधून ३ गेले की ६६ आणि ५३९ मधून ६६ गेले की ४७३. एका आकड्यावरून सगळा तक्ता उभा राहिला. याचा अर्थ असा की कडेच्या बेरजा एकदा ठरल्या, की दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात मोकळेपणाने बदलू शकणारी चौकट एकच उरते, बाकीच्या तिन्ही तिच्यामागून ओढल्या जातात. संख्याशास्त्रात ज्याला डिग्रीज ऑफ फ्रीडम किंवा स्वातंत्र्य मात्रा म्हणतात, ती हीच. या तक्त्याची स्वातंत्र्य मात्रा १.

तक्ता मोठा असेल तर हिशोब तसाच पुढे जातो. तीन ओळी आणि चार स्तंभ असतील तर प्रत्येक ओळीतली शेवटची चौकट ओळीच्या बेरजेवरून मिळते आणि शेवटची सगळी ओळ स्तंभांच्या बेरजांवरून. मोकळ्या उरतात २ गुणिले ३, म्हणजे ६ चौकटी. नियम एवढाच : ओळींतून एक वजा, स्तंभांतून एक वजा, मग गुणाकार. 'एकूण' ही ओळ आणि 'एकूण' हा स्तंभ मात्र यात मोजायचा नाही.

आता खरा प्रश्न. टोचलेल्या २७९ जणांपैकी ३ आजारी पडले, म्हणजे शंभरात साधारण एक. न टोचलेल्या ५३९ पैकी ६६, म्हणजे शंभरात बारा. फरक डोळ्यांना दिसतो. पण लसीचा काहीच संबंध नसताना निव्वळ योगायोगानेही काही फरक पडलाच असता. तो किती पडला असता हे ठरवल्याशिवाय दिसणाऱ्या फरकाला वजन देता येत नाही.

म्हणून क्षणभर असं धरायचं की लस टोचणं आणि कॉलरा होणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तसं असेल तर आजारी पडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच असायला हवं. ते प्रमाण कुठून आणायचं? पुन्हा कडेच्या बेरजांतून. एकूण ८१८ पैकी ६९ आजारी पडले, म्हणजे शेकडा ८.४४. हे प्रमाण टोचलेल्या २७९ जणांना लावलं तर त्यांच्यात २३.५३ जण आजारी पडायला हवे होते. सूत्रात मांडायचं तर ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण : २७९ × ६९ ÷ ८१८. ही झाली अपेक्षित संख्या. पूर्णांक २३ माणसं आणि वर अर्धा माणूस कसा, असं भाचीने विचारलं. अपेक्षित संख्या ही सरासरी आहे, डोकी मोजून आलेली नाही. ती पूर्णांकात आणायला गेलात तर पुढचं सगळं गणित थोडं-थोडं सरकतं, म्हणून दशांश तसेच ठेवायचे.

उरलेल्या तीन अपेक्षित संख्यांसाठी पुन्हा गुणाकार करायची गरज नाही. एक मोकळी चौकट कळली की बाकीच्या वजाबाकीने मिळतात. टोचलेले आणि आजारी न पडलेले २५५.४७, न टोचलेले आणि आजारी पडलेले ४५.४७, न टोचलेले आणि आजारी न पडलेले ४९३.५३. आता प्रत्यक्ष आकड्यांशी तुलना करा. ३ विरुद्ध २३.५३, तफावत २०.५३. ६६ विरुद्ध ४५.४७, तफावत २०.५३. उरलेल्या दोन चौकटींतही तीच, कुठे अधिक तर कुठे उणे. चारही तफावती सारख्याच याव्यात हा योगायोग नाही. तक्त्यात मोकळी चौकट एकच असल्यामुळे तफावतही एकच असू शकते. हाताने गणित करताना मी हा पडताळा नेहमी घेतो. दोन-दोनच्या तक्त्यात चार तफावती सारख्या आल्या नाहीत तर कुठेतरी चूक आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही.

तफावत सगळीकडे २०.५३ असली तरी तिचं वजन सगळीकडे सारखं नाही. ४९३ अपेक्षित असताना वीसचा फरक पडला तर फारसं काही घडलं नाही. २३ अपेक्षित असताना वीसचा फरक पडला तर जवळजवळ सगळेच वाचले. म्हणून प्रत्येक तफावतीचा वर्ग करून त्याला त्या चौकटीच्या अपेक्षित संख्येने भागायचं. पहिल्या चौकटीतून १७.९२ येतात, न टोचलेल्या आजाऱ्यांच्या चौकटीतून ९.२७, उरलेल्या दोन्ही मिळून अडीच. बेरीज सुमारे २९.७. हा काय-स्क्वेअर. यांतला तीन पंचमांश वाटा एकट्या पहिल्या चौकटीचा आहे. योगायोगाच्या कल्पनेला सर्वांत जोराचा धक्का त्या तीन माणसांच्या आकड्याने दिला आहे.

संबंध काहीच नसता तर हा काय-स्क्वेअर किती आला असता? सरासरीने तो स्वातंत्र्य मात्रेइतका येतो, म्हणजे आपल्या तक्त्यात १ च्या आसपास. कधी शून्याजवळ, कधी दोन, क्वचित चार. ३.८४ ची मर्यादा शंभरातल्या पाच वेळाच ओलांडली जाते, म्हणून ती रेघ मानायची प्रथा आहे. २९.७ किंवा त्याहून मोठा काय-स्क्वेअर योगायोगाने येण्याची शक्यता दोन कोटींत एक इतकी कमी आहे.

हा '१' आज इतका सरळ वाटतो, पण तो ठरायला बावीस वर्षं लागली आणि त्या वादात आपला हाच तक्ता होता. काय-स्क्वेअर चाचणी कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली. त्यांच्या मते चार चौकटींच्या तक्त्याची स्वातंत्र्य मात्रा ३ होती. चार चौकटी, एकूण बेरीज ठरलेली, उरल्या तीन. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल लसींचे तक्ते सोडवत होते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दोन टक्केवारींमधला फरक थेट तपासला तर एक उत्तर येतं आणि पिअर्सन यांच्या पद्धतीने वेगळंच येतं. गणित तर दोन्हीकडे बरोबर होतं. गुंता त्यांना सुटला नाही, पण तो त्यांनी लपवला नाही, छापून मोकळे झाले. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्या दोघांविषयी फार आदर वाटतो.

तो गुंता रॉनल्ड फिशर यांनी १९२२ साली सोडवला. अपेक्षित संख्या काढताना आपण नुसती एकूण बेरीज वापरत नाही, तर ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजाही त्याच तक्त्यातून उचलतो. तक्त्याकडून जेवढं उसनं घेतलं तेवढं स्वातंत्र्य कमी होतं. तीनातून दोन गेले, उरलं एक. पिअर्सन यांनी हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. यूल यांनी मात्र त्याच वर्षी प्रयोग करून पाहिला. त्यांनी खण पाडलेल्या ताटात घेवड्याचे दाणे टाकून साडेतीनशे तक्ते तयार केले आणि त्यांचे काय-स्क्वेअर काढले. निकाल फिशर यांच्या बाजूने लागला. पुढे १९२६ मध्ये फिशर यांनी कार्ल पिअर्सन यांचे चिरंजीव ईगन यांनी जमवलेल्या जवळपास बारा हजार तक्त्यांचा आधार घेतला. त्यांच्या काय-स्क्वेअरची सरासरी अक्षरशः १ ला टेकली होती.

आपल्या तक्त्यापुरतं पाहिलं तर चुकीची स्वातंत्र्य मात्रा ३ घेऊनही लस जिंकतेच. शक्यता दोन कोटींत एकऐवजी सहा लाखांत एक येते, एवढाच फरक. पण लहान तक्त्यांत निकाल उलटू शकतो. काय-स्क्वेअर ६ आला असेल तर मात्रा १ धरून योगायोगाची शक्यता शेकडा दीडच्या आत येते, मात्रा ३ धरून शेकडा अकरा. पहिल्या हिशोबाने लस उपयोगी, दुसऱ्याने काहीच सिद्ध नाही. आकडे तेच.

फोटोवरून काम करताना याहूनही नेहमीच्या दोन चुका होतात आणि दोन्ही कडेशी निगडित आहेत. पहिली चूक म्हणजे कडेचा 'एकूण' हा स्तंभ आतला समजणं. पुष्कळ अहवालांत तक्ता असा छापतात : आजारी पडलेले ३, एकूण २७९. आजारी पडलेले ६६, एकूण ५३९. 'आजारी न पडलेले' हा स्तंभ दिलेलाच नसतो. फोटोत शीर्षक कापलं गेलं असेल तर माणूस हेच चार आकडे घेऊन चाचणी लावतो. मी ते मुद्दाम करून पाहिलं. काय-स्क्वेअर २६ येतो. निकाल तसाच दणदणीत, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पण आजारी पडलेली ६९ माणसं दोनदा मोजली गेली आहेत. ओळखायची खूण अशी की तुमच्या हिशोबातली एकूण माणसं ८१८ हवीत, ती ८८७ झाली आहेत.

दुसरी चूक म्हणजे माणसांच्या संख्येऐवजी टक्केवारी घालणं. आपल्याच तक्त्याच्या दोन ओळी टक्क्यांत लिहिल्या, १.०८ आणि ९८.९२, खाली १२.२४ आणि ८७.७६, आणि त्यावर चाचणी लावली तर काय-स्क्वेअर २९.७ वरून १० वर उतरतो. कारण हिशोबाच्या लेखी आता दोन्ही गटांत शंभर-शंभरच माणसं आहेत. आठशे माणसांचा पुरावा दोनशेंचा झाला. उलट, पन्नास माणसांचा अभ्यास टक्क्यांत घातला तर पुरावा फुकटचा फुगतो. म्हणून या चाचणीला डोकी मोजलेली संख्याच द्यायची. तक्त्यात दशांश चिन्ह दिसलं किंवा प्रत्येक ओळीची बेरीज १०० आली, की थांबायचं.

भाचीला आणखी एक शंका होती. पुस्तकात लिहिलं होतं की आकडा ५ पेक्षा लहान असेल तर चाचणी लावू नये, आणि इथे तर ३ आहे. हा गैरसमज फार पसरलेला आहे. पाचाची अट अपेक्षित संख्येला आहे, प्रत्यक्ष आकड्याला नाही. आपल्या तक्त्यातली सर्वांत लहान अपेक्षित संख्या २३.५३ आहे, त्यामुळे काही हरकत नाही. प्रत्यक्ष आकडा शून्य असता तरी चाललं असतं. अपेक्षित संख्याच दोन-तीन असतील तर मात्र फिशर यांची 'एक्झॅक्ट' नावाची वेगळी चाचणी वापरतात.

संगणकावर हे सगळं दोन ओळींत होतं. आर ही मोफत प्रणाली वापरणाऱ्यांसाठी :

```
t <- matrix(c(3, 66, 276, 473), nrow = 2)
chisq.test(t, correct = FALSE)
```

`correct = FALSE` लिहिलं नाही तर उत्तर २९.७ ऐवजी २८.२७ दिसेल. दोन-दोनच्या तक्त्यात ही प्रणाली येट्स यांची दुरुस्ती आपणहून लावते, म्हणजे प्रत्येक तफावतीतून अर्धा वजा करते. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कोणतं घेतलं ते लिहायला हवं. अपेक्षित संख्या पाहायच्या असतील तर दुसऱ्या ओळीच्या शेवटी `$expected` जोडायचं.

एवढं झाल्यावर भाचीने लिहिलं, "म्हणजे लसीने कॉलरा टळला हे सिद्ध झालं." इथे मी तिला थांबवलं. काय-स्क्वेअर एवढंच सांगतो की लस टोचणं आणि कॉलरा न होणं या दोन गोष्टी योगायोगापेक्षा फार जास्त वेळा एकत्र आल्या. का आल्या, हे त्याला कळत नाही. ग्रीनवुड आणि यूल यांनी त्याच लेखात तीन अटी घातल्या होत्या. दोन्ही गटांतली माणसं सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखी हवीत. रोगाशी गाठ पडण्याचा धोका दोघांनाही सारखा हवा. आणि अमुक माणूस टोचलेला आहे की नाही, त्याला रोग झाला की नाही, हे एकमेकांकडे न पाहता ठरवलेलं हवं. लस घ्यायला आपणहून पुढे आलेली माणसं कदाचित पाणीही उकळून पीत असतील. टोचलेल्याला जुलाब झाले तर डॉक्टर 'हा कॉलरा नसावा' असं म्हणण्याचा संभव जास्त. यांपैकी काहीही घडलं असेल तर तक्ता तोच राहील आणि काय-स्क्वेअरही तोच.

चौथी एक अट चाचणीच्या गणितातच दडलेली आहे. ८१८ माणसं म्हणजे ८१८ सुटे पुरावे, असं हे गणित धरून चालतं. कॉलरा पाण्यातून पसरतो. एका विहिरीवरच्या तीस जणांना एकाच आठवड्यात कॉलरा झाला, तर ते तीस सुटे पुरावे नव्हेत, जवळजवळ एकच पुरावा आहे. अशा वेळी दोन कोटींत एक ही शक्यता फार फुगवलेली असते. तक्त्याकडे पाहून हे कळायला मार्ग नाही. त्यासाठी तक्त्याभोवतीचा मजकूर वाचावा लागतो : माणसं कुठली, किती घरांतली, किती विहिरींवरची.

भाची पुन्हा ग्रंथालयात गेली आणि तिने नवा फोटो काढला. या वेळी चारही बाजू आत होत्या, वरचं शीर्षक होतं आणि आधीची व नंतरची दोन पानंही होती. तुम्हीही कधी एखादा तक्ता मोबाइलमध्ये टिपलात, तर मधल्या चौकटी थोड्या अस्पष्ट आल्या तरी चालतील, पण उजवीकडचा 'एकूण' हा स्तंभ, तळाची 'एकूण' ही ओळ आणि वरचं शीर्षक फोटोत आलं आहे ना, हे पाहिल्याशिवाय पान उलटू नका.